अर्धा निरोप

रात्री दोनला 112 वर फोन येतो. पोरगं कुजबुजतं, "बाबा आईले मारून राह्यले... आम्ही कामठी रो..." आणि फोन कट. हा प्रसंग कल्पित आहे, पण अशा वेळी करायचं काम खरं आहे.

महाराष्ट्रात 2021 पासून चालणाऱ्या या यंत्रणेचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, जोडीचं नागपुरात. फोन घेणारीने कामठी पाहिलेलीही नसेल. 'राह्यले' ऐकून विदर्भ कळतो, पण 'कामठी रो' अवघड आहे. कामठी हे कन्हान नदीकाठचं छावणीचं गाव, तर कामठी रोड नागपुरातूनच सुरू होऊन मैलोन्‌मैल जातो. घाईत 'कामठी' एवढंच टिपलं, तर गाडी थेट गावात जाऊन पोचेल.

म्हणून ती रेकॉर्डिंग पुन्हा लावते. शेवटी 'रो' आहे, नक्की. पडद्यावर टॉवर दिसतो तो ऑटोमोटिव्ह चौकाजवळचा, कामठीच्या बराच अलीकडे. टॉवर घर दाखवत नाही, फक्त परिसर दाखवतो, आणि त्या परिसरात शेकडो घरं असतात. सिमकार्डावरचा पत्ताही कामाचा असेलच असं नाही. घर बदललं तरी पत्ता जुनाच राहतो. तरी गाडी थांबवून ठेवायची नाही. डिस्पॅचर जवळच्या गाडीच्या पडद्यावर घटना पाठवतो, ती निघते आणि पुढचा शोध ती वाटेत असताना चालू राहतो.

आता सगळ्यात कठीण निर्णय: उलट फोन करायचा का? घंटी वाजली तर पोरगं पकडलं जाईल. नाही केला तर घर सापडणार नाही. माझ्या मते गाडी परिसरात पोचत आली की करावा, आणि मोठ्या माणसाने उचलला तर मुलाचा उल्लेखही करू नये. इथे पोरगंच उचलतं.

"बाळा, मी विचारते, तू फक्त हो किंवा नाही म्हण. मेट्रोचा पूल दिसतो?"

"हो."

"दार आतून बंद आहे?"

"हो."

"काय झालं ते सांग" असं विचारलं तर भ्यालेलं मूल गप्प होतं, किंवा मोठ्याने रडतं. म्हणून एका शब्दात उत्तर येईल एवढंच विचारायचं. 'सगळं ठीक होईल' असं वचनही देऊ नये. "गाडी निघाली आहे" हे खरं आहे, तेवढंच सांगावं.

मग गाडीला सांगितलं जातं, गल्लीच्या तोंडाशी क्षणभर सायरन वाजवा. फोनवर तो बारीक ऐकू आला तर गल्ली बरोबर. पुढच्या गल्लीत मोठा झाला तर घर तिथेच आसपास. यानंतर सायरन बंद ठेवून शिपाई पायी जातात.

आईला दवाखान्यात नेल्यावर मुलाचं काय, हा प्रश्न 1098 कडे जातो. मुंबईत 1996 मध्ये सुरू झालेली ही हेल्पलाइन मुलांसाठीच आहे. रात्री मुलाला कोणाकडे ठेवायचं आणि बाल कल्याण समितीपुढे केव्हा न्यायचं, ते तिथून ठरतं. फोन घेणारीच्या पडद्यावर तोवर पुढचा कॉल आलेला असतो.