पाणी शिरते ते शिवणीतून

पावसाळी ट्रेकसाठी सॅक किंवा रेनकोट घ्यायला गेलो की दुकानदार आधी कापड दाखवतो. त्यावर ग्लासातले पाणी शिंपडतो. थेंब अळूच्या पानावरून पडावेत तसे घरंगळतात आणि तो म्हणतो, "बघा, शंभर टक्के वॉटरप्रूफ!" खरे तर त्या थेंबांवरून कापड नवीन आहे एवढेच कळते. थेंब घरंगळतात ते कापडाच्या बाहेरच्या बाजूला दिलेल्या एका पातळ लेपामुळे. सॅकच्या पट्ट्यांचे घर्षण, चिखल आणि साबण यांनी तो लेप काही दिवसांत उतरतो. मित्रांनो, सह्याद्रीच्या पावसात सहा-सात तास चालायचे असेल, तर कापडापेक्षा शिवण, चेन आणि गळा या जागा आधी पाहायला हव्यात.

तरी सुरुवात कापडापासूनच करू, कारण लेबलावरचे आकडे कापडाचे असतात. सॅकवर २१०डी, ४२०डी, ६००डी असे लिहिलेले असते. डी म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. जाड धागा खडकावर घासला तरी लवकर फाटत नाही, पण सॅक जड होते. या आकड्याचा पाणी अडवण्याशी संबंध नाही. रिपस्टॉप कापडावर दिसणाऱ्या बारीक चौकड्यांचेही तसेच आहे. त्या जाड धाग्यांमुळे फाटलेली जागा पुढे वाढत नाही, पण त्या पाणी अडवत नाहीत.

पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा लेप. बहुतेक सॅक आणि जॅकेटना पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, लेप असतो. तो किती दाब सोसतो हे मिलिमीटरमध्ये लिहितात. १,५०० मिमी याचा अर्थ असा की कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही. नुसत्या पडणाऱ्या पावसाला एवढे पुष्कळ झाले. मात्र आपण कापडावर दाब देतो तेव्हा हिशोब बदलतो. समजा ५० किलो वजनाचा कॅडेट रेनपँट घालून ओल्या खडकावर बसला आणि त्याचे वजन ४०० चौरस सेंटीमीटर जागेवर आले. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १२५ ग्रॅम. एवढा दाब १२५ सेंटीमीटर पाण्याचा, म्हणजे १,२५० मिमीचा. नवे १,५०० मिमीचे कापड इथे जेमतेम टिकेल आणि वर्षभर वापरलेले बहुधा टिकणार नाही. म्हणून पावसाळी जॅकेट-पँटसाठी ५,००० मिमीच्या आसपासचा आकडा पुरेसा आहे. त्याच्या पुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा शिवणीकडे पाहावे.

शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांग. एका सेंटीमीटरला तीन टाके धरले तर एका मीटरमध्ये तीनशे भोके होतात. साध्या सॅकची शिवण मोजली तरी पाच-सहा मीटर सहज भरते. म्हणजे कापड कितीही चांगले असले तरी सॅकला दीड हजारांवर भोके आहेतच. जॅकेटमध्ये ही भोके आतून पारदर्शक किंवा राखाडी टेप गरम करून चिकटवून बंद करतात. जॅकेट उलटे करून पाहा. प्रत्येक शिवणीवर टेप असेल तर पूर्ण टेप केलेले जॅकेट. फक्त खांदे आणि टोपीवर टेप असेल तर काखेतून आणि बाजूने पाणी येणारच. टेपची कड नखाने हलकेच उचलून पाहावी. नव्या मालातच ती सुटत असेल तर तो नग परत ठेवावा.

सॅकच्या शिवणींवर मात्र सहसा टेप नसते. आत उघडे काठ पट्टी लावून बंद केलेले असतात. त्या पट्टीने धागे निसटत नाहीत, पण पाणी थांबत नाही. म्हणून सॅक घेताना "वॉटरप्रूफ आहे का?" यापेक्षा "शिवण वजन पेलेल का?" हा प्रश्न उपयोगी आहे. खांद्याचे पट्टे जिथे सॅकला जोडले आहेत तिथे आडव्या दाट टाक्यांची छोटी पट्टी दिसायला हवी. सारा भार त्याच जागी येतो. दुकानातच सॅकमध्ये आठ-दहा किलो सामान भरून एका पट्ट्याने उचलावी. टाक्यांची भोके ताणून मोठी दिसू लागली तर ती सॅक दोन ट्रेकही काढणार नाही.

पाणी नेमके कुठून येते हे पाहायला एका रविवारी आम्ही हाउसमधल्या एका सॅकमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरले. प्रत्येक बोळ्यावर जागा लिहिली: वर, तळ, पुढचा कप्पा, पाठ. मग सॅक दहा मिनिटे शॉवरखाली ठेवली. पहिल्या वेळी कव्हर नव्हते. वरच्या चेनखालचा बोळा आणि तळाचा बोळा चिंब झाले, मधले जवळजवळ कोरडे राहिले. म्हणजे कापडाने आपले काम केले होते. दुसऱ्या वेळी रेन कव्हर घातले आणि सॅक एका मुलाच्या पाठीवर दिली. आता पुढचे बोळे कोरडे, पण पाठीकडचा ओला. कव्हर पाठीच्या बाजूने उघडेच असते. मानेवरून ओघळलेले पाणी पाठीवरून सॅकच्या आत जाते आणि खाली कव्हरच्या झोळीत साठते. तिसऱ्या वेळी सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी ठेवली, बोळे तिच्यात भरले आणि तोंड पिळून, दुमडून बांधले. सगळे बोळे कोरडे निघाले. हा प्रयोग कोणालाही करता येईल. त्यावरून एक नियम निघतो. कव्हर चिखल आणि पावसाचा पहिला मारा झेलते, सामान कोरडे ठेवते ती आतली पिशवी. कव्हर घेताना त्याच्या तळाला पाणी निघून जायला छोटे भोक आहे का ते पाहावे आणि वाऱ्याने ते उडू नये म्हणून दोरीने सॅकला बांधावे.

आता अंगावरचे. रेनकोट न गळताही आपण आतून भिजतो, कारण चढावर घाम येतो. यावर उपाय म्हणून श्वास घेणारी कापडे निघाली. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. तेच पुढे गोरटेक्स म्हणून प्रसिद्ध झाले. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. मात्र वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हे छान जमते. जुलैमध्ये सह्याद्रीच्या ढगात हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे वाफ फारशी हलत नाही. इथे महागड्या पडद्यापेक्षा हवा खेळायला वाट असणे जास्त कामाचे. म्हणून काखेत चेन असलेले जॅकेट घ्यावे किंवा पोंचो. आपल्याकडे भात लावताना शेतकरी पाठीवर इरले घेतात तेही वरून झाकलेले आणि खालून मोकळे असते. कमरेत वाकून दिवसभर काम केले तरी आत घुसमट होत नाही. पोंचोचे तत्त्व तेच. शिवाय तो सॅकसकट अंगावर येतो, त्यामुळे पाठीवरून ओघळणारे पाणीही थांबते. त्याचा दोष म्हणजे उघड्या धारेवर वारा त्याला शिडासारखा फुगवतो आणि पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

उत्पादकांकडे पाहताना नावापेक्षा कोण काय बनवतो ते पाहावे. कोलकात्याचे डकबॅक १९२० पासूनचे. त्यांचा जुन्या पद्धतीचा रबरी रेनकोट पाणी थेंबभरही आत घेत नाही, पण वाफही सोडत नाही. स्टँडवर उभे राहायला उत्तम, चढाला जड. डेकॅथलॉनचा केचुआ हा साध्या भटकंतीचा ब्रँड. त्यांच्या बऱ्याच मालावर मिलिमीटरचा आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. बंगळूरच्या वाइल्डक्राफ्टच्या अनेक सॅकसोबत कव्हर मिळते. मात्र त्यांच्या कॉलेजच्या बॅगा आणि ट्रेकच्या सॅक वेगळ्या असतात. कमरेचा भरीव पट्टा आहे का ते पाहिले की फरक कळतो. गोरटेक्सच्या जॅकेटची प्रत्येक शिवण टेप केलेली असते, कारण गोर कंपनीची तशी अटच आहे. रस्त्यावर मिळणारा पीव्हीसीचा सूट स्वस्त असतो. त्याच्या शिवणी वितळवून जोडलेल्या असतील तर तो गळत नाही, पण काखेत आणि पायांमध्ये लवकर फाटतो.

हे सगळे एका ट्रेकला लावून पाहू. कर्नाटकातले कुद्रेमुख शिखर १,८९४ मीटर उंच आहे. मुल्लोडीहून जाऊन परत यायला साधारण वीस किलोमीटर चालावे लागते आणि वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते. वर मुक्काम करता येत नाही, म्हणून ३० लिटरची सॅक पुरे. २१० ते ४२० डेनियरचे नायलॉन, कमरेचा पट्टा आणि पट्ट्यांच्या मुळाशी दाट टाके एवढे पाहून ती निवडावी. आत जाड पिशवी, बाहेर कव्हर. वाट सुरुवातीला ओढे आणि शोला जंगलातून जाते, तिथे वारा कमी म्हणून पोंचो चालेल. पुढे उघडी गवताळ धार लागते. तिथे पोंचो काढून जॅकेट घालायचे. म्हणून पूर्ण टेप केलेले, काखेत चेन असलेले, ५,००० मिमीचे जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवावे. आत सुती बनियन नको, पॉलिएस्टरचा टीशर्ट हवा. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि धारेवरच्या वाऱ्यात अंग काकडते. दात वाजू लागले, बोटांनी बक्कल लागेना किंवा कोणी अडखळत बोलू लागला, तर आडोसा शोधून पिशवीतला कोरडा स्वेटर लगेच घालायचा. तो कोरडा राहावा म्हणूनच ही सगळी खटपट.

परत आल्यावरची एक गोष्ट हॉस्टेलवाल्यांसाठी. ओली सॅक किंवा जॅकेट ट्रंकमध्ये बंद केले की ओल आणि उष्णतेने पीयूचा लेप सडू लागतो. आधी आंबट वास येतो, मग आतली बाजू चिकट होते, शेवटी पापुद्रे सुटतात. चिकटपणा आला की तो लेप पुन्हा नीट होत नाही. म्हणून साध्या पाण्याने चिखल धुऊन, उलटे करून सावलीत पंख्याखाली दोन दिवस वाळवावे आणि शिवणीत ओल राहिली नाही ना ते बोटाने चाचपूनच ट्रंकेत ठेवावे.