करमत नाही जागेवर, पाचू हवा (४)

वरच्या ओळीत चार अक्षरांचा एक शब्द दडलेला आहे. शब्दकोड्यांचा नाद असलेल्यांना तो चहा संपायच्या आत सापडेल. बाकीच्यांनी जरा दम धरावा, उत्तर पुढे येतंच. ही ओळ पेपरातल्या कोड्यासाठी रचलेली नाही. समजा, एका मुलाला एक मुलगी आवडते. ती पेपर हातात आला की बातम्यांआधी कोड्याचं पान उघडते आणि प्रवासात पेन नसेल तर अस्वस्थ होते. त्याने तिला 'आज काय करतेस' असं विचारण्याऐवजी ही ओळ पाठवायची आहे.

कोडं घालून जवळीक साधायची कल्पना काही मोबाइलबरोबर आलेली नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात रसिक माणसाला याव्यात अशा चौसष्ट कला सांगितल्या आहेत. त्यांत प्रहेलिका, म्हणजे कोडी घालणं आणि सोडवणं, ही गाण्याबजावण्याच्या बरोबरीने येते. अलीकडचं उदाहरण अमेरिकेतलं. ७ जानेवारी १९९८ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या शब्दकोड्यात एका वाचकाने आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. कोडं रचलं होतं बॉब क्लान यांनी, संपादक होते विल शॉर्ट्झ. त्यातल्या एका क्लूमध्ये जोनाथन स्विफ्टच्या १७२९ सालच्या प्रसिद्ध पुस्तिकेचं नाव विचारलं होतं. ते नाव 'अ मॉडेस्ट प्रपोजल'. मागणीबद्दल काही ठाऊक नसलेल्या वाचकांनी त्या दिवशी नेहमीसारखंच कोडं सोडवलं आणि पान उलटलं. जिला कळायचं तिला कळलं.

या प्रकाराची सगळी गंमत इथेच आहे. क्लू कोडं म्हणून स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. तिऱ्हाइताने सोडवला तरी नीट सुटला पाहिजे आणि त्याला त्यात दुसरं काही दिसता कामा नये. उखाण्यात नाव घ्यायचं असतं, इथे ते गिळायचं असतं. याचा फायदा दोघांनाही होतो. तिला नको असेल तर ती नुसतं उत्तर कळवून मोकळी होऊ शकते. कुणाची मान खाली जात नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकमेकांकडे बघणंही अवघड होत नाही. म्हणून उत्तराच्या जागी तिचं नाव टाकणं, किंवा ओळींच्या पहिल्या अक्षरांतून ते जुळवणं, हे माझ्या मते पहिल्याच खेळीत पत्ते उघडे करणं आहे. 'प्रेम' तर मुळीच नको. मजकूर जरा लाडिक आणि कंसात दोनचा आकडा दिसला की मुरलेली कोडेबाज क्लू न वाचताच तो शब्द भरून मोकळी होईल.

आता वरची ओळ सोडवू. गूढ प्रकारच्या क्लूमध्ये, ज्याला कोडेबाज क्रिप्टिक म्हणतात, उत्तराचा सरळ अर्थ क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, आणि उरलेल्या भागात ते उत्तर अक्षरांतून कसं बनवायचं याची कृती असते. इथे सरळ अर्थ शेवटी आहे: पाचू हवा. कृती सुरुवातीला आहे: 'करमत' नाही जागेवर. म्हणजे 'करमत' या शब्दाची अक्षरं आपल्या जागेवर नाहीत, ती हलवा. क, र, म, त यांची जागा बदलली की मरकत. मरकत म्हणजे पाचू. (कुणी घाईत मर्कट लिहिलं तर ते तीन घरांत बसतं आणि भलताच निरोप जातो.)

इथे दोन वाटा एकाच दारात येतात, आणि तेच महत्त्वाचं. नुसतं 'पाचू (४)' असं दिलं असतं तर संस्कृतची गोडी असलेल्या मुलीने 'गारुत्मत' लिहिलं असतं. तेही पाचूचंच नाव आणि तेही चार अक्षरांचं. 'हरिन्मणि' सुद्धा चारच. पण 'करमत'ची अक्षरं हलवून या दोन्हींपैकी काहीच होत नाही. तेव्हा मरकत लिहिल्यावर तिला कुणाला विचारावं लागत नाही, तिची तिलाच खात्री पटते. सोडवणाऱ्याला जो आनंद होतो तो या खात्रीचा असतो. आणि तो आनंद ओसरल्यावर, दुसऱ्यांदा वाचताना, 'करमत नाही' हे दोन शब्द कोड्याच्या बाहेर येऊन उभे राहतात. त्याने तसं म्हटलेलं नाही. पण हजार शब्दांतून त्याने नेमका हाच शब्द उचलला, हे तिच्या लक्षात येतं.

असे शब्द मराठीत सहज मिळत नाहीत, हे रचायला बसल्यावर कळतं. इंग्रजीत एका घरात एक रोमन अक्षर जातं. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटीसकट आख्खं अक्षर बसतं, जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे अक्षरं हलवून नवा शब्द होण्याची शक्यता खूप कमी होते. आडवे आणि उभे शब्द एकमेकांना छेदतानाही तीच अडचण. 'चहा' आणि 'हवा' एका 'ह'वर छेदतील असं वाटतं, पण एकात 'हा' आहे आणि दुसऱ्यात 'ह'. नाही जमत. म्हणून मराठीत अक्षरांच्या उलथापालथीपेक्षा दोन लगतच्या शब्दांत तिसरा शब्द लपवणं जास्त साधतं. उदाहरणार्थ:

'जीवन जरतारी' यात कोण लपलंय? चुकवली तरी लागते (३).

'जीवन'चा न आणि 'जरतारी'चे ज, र सलग वाचले की नजर. नजर चुकवतात आणि नजर लागतेही. दोन्ही बोलण्यातले वापर असल्यामुळे सरळ अर्थाचा भाग ओढूनताणून आणलेला वाटत नाही. याउलट 'डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखाच' म्हणून 'नयन' विचारणारे पुष्कळ असतात. तो शब्द शाळेतच सगळ्यांना भेटलेला असतो. रोज कोडी सोडवणाऱ्या मुलीला तो पाठवणं म्हणजे तिला कच्चा लिंबू धरणं.

एकेक सुटा क्लू पाठवत राहिलं तर त्याचा रतीब होतो. त्यापेक्षा दोनतीन क्लूंमधून साधं आमंत्रण बनवावं. आपल्या मुलाला शनिवारी चहाला बोलवायचंय. 'शनिवार' आडवा घातला आणि 'मरकत' उभा, तर 'शनिवार'चं चौथं घर आणि 'मरकत'चं दुसरं घर एकाच 'र'वर बसतं. चित्र छान जमलं. त्याने पहिला क्लू असा लिहिला: पुण्यात या वारी वाडा (४).

हा क्लू फसलेला आहे. पुण्याचा इतिहास वाचलेली मुलगी विचारेल, कुठला वाडा? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बुधवार वाडा होता, शुक्रवार वाडाही होता. बुधवार चार घरांत बसतो, शुक्रवारही, कारण 'क्र'ला एकच घर. छेदणारा 'र' तर काहीच मदत करत नाही, कारण प्रत्येक वाराच्या शेवटी तोच आहे. छेद नेहमी अशा घरावर घ्यावा जिथे चुकीची उत्तरं गळून पडतील. इथे तशी सोय नाही, म्हणून भार क्लूनेच उचलायला हवा: दिल्ली दरवाजा पुण्यात उघडतो तो वार (४). दिल्ली दरवाजा शनिवारवाड्याचाच. आता बुधवारला जागा उरली नाही. ज्याला आपण उत्तर समजून रचतो ते एकच असेल असं रचणाऱ्याला नेहमी वाटतं, म्हणून पाठवण्याआधी क्लू एखाद्या मित्राला उत्तर न सांगता दाखवावा. त्याने दुसरं उत्तर काढलं तर भांडू नये, क्लू बदलावा. कंसातला आकडाही तेव्हाच बोटांवर मोजून घ्यावा. घरांचा हिशेब चुकलेलं कोडं मुरलेला माणूस दोन मिनिटांत बाजूला टाकतो, मग आतला निरोप कितीही गोड असो.

चहा या जोडीत कुठेच छेदत नाही, त्यामुळे तो वेगळा, चौकटीखाली: पाच हातांमध्ये सापडेल असं काही गरमागरम (२). 'पाच हातां'च्या मध्ये बघितलं की च, हा. शिवाय क्लूच्या तोंडालाच वेळ लिहिलेली आहे. ती तिच्या लक्षात आली तर उत्तम, नाही आली तरी कोडं अडत नाही. असा जास्तीचा अर्थ उत्तरासाठी कधीच आवश्यक ठेवू नये.

मग वाट बघायची. 'मरकत, शनिवार, चहा. मस्त होतं!' एवढंच उत्तर आलं आणि पुढे काही नाही, तर ते उत्तरच समजावं. 'कळलं का?' म्हणून मागे लागलं की इतका वेळ जपलेली मोकळीक संपते, आणि चौथं कोडं मग कोडं राहत नाही, तगादा होतो. तिने मदत मागितली तर मात्र लगेच द्यावी, पण उत्तर नाही, कृतीचा एक तुकडा: 'पहिला शब्द हलवून बघ.' ती अडली आहे की तिला सोडवायचंच नाही, हे अशा वेळी बरंचसं कळतं. अडलेली कोडेबाज 'सांगू नकोस हं' असं बजावते.

तिकडून क्लूच आला तर गोष्ट वेगळी. समजा तिने लिहिलं: श्वास घ्यायला ती लागते, मला मात्र तो (२).

इथे अक्षरांची कृती नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. श्वासाला लागते ती हवा. आणि तो? तोही हवा. मराठीतलं लिंग असं कामी येतं. मुलीने मुलाला पाठवला तरच हा क्लू चालतो. उलट दिशेने 'हवी' म्हणावं लागतं आणि 'हवी'ने श्वास घेता येत नाही. म्हणजे हाच क्लू थोडा फिरवून परत पाठवायची सोय त्याला नाही. आधी त्याने शनिवारी पाच वाजता कुठल्या हॉटेलात, ते साध्या मराठीत कळवावं. परतफेडीचा क्लू चहा येईपर्यंत टेबलावरच्या कागदी रुमालावर रचता येईल.