थेंब कानात टिकला पाहिजे

कानात औषध घातल्यावर खोली गरगर फिरू लागली, मळमळलं, उठून बसावं तर तोल जातोय, अशी तक्रार थंडीच्या दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे हटकून येते. औषध सोसलं नाही असं समजून बरेचजण दुसऱ्या दिवसापासून ते बंद करतात. पण बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. थेंब थंड होता, एवढंच कारण असतं.

या गरगरण्याचा उलगडा ज्याने केला त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. रॉबर्ट बारानी हा व्हिएन्नातला कानाचा डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धूत असे. पाणी पुरेसं कोमट नसलं की चक्कर येते, असं एका रुग्णाने त्याला सांगितलं. बारानीने नर्सला गरम पाणी आणायला लावलं. ते जरा जास्तच गरम निघालं आणि तरीही रुग्णाला चक्कर आली. मात्र थंड पाण्याच्या वेळी डोळ्यांची बुबुळं ज्या बाजूला झटके देत होती, त्याच्या उलट बाजूला ती आता देऊ लागली होती. या निरीक्षणातून बारानी आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचला. 1914 सालचं नोबेल त्याला जाहीर झालं तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत पातळ द्रव असतो. डोकं वळलं की द्रव हलतो आणि त्यावरून मेंदूला हालचाल कळते. यांतली एक नळी कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला अगदी खेटून असते. पडद्यावर थंड थेंब पडला की त्या नळीचा जवळचा भाग गार होतो, तिथला द्रव जड होऊन खाली सरकतो आणि डोकं जागचं हललेलं नसतानाही मेंदूला ते फिरतंय असं वाटतं. तोल तपासण्यासाठी डॉक्टर आजही मुद्दाम 30 आणि 44 अंश सेल्सियसचं पाणी कानात सोडतात. शरीराच्या तापमानाहून फक्त सात अंश कमी आणि सात अंश जास्त. नाशिकला जानेवारीच्या सकाळी खिडकीत ठेवलेली बाटली 30 अंशांच्या कितीतरी खाली असते. न्हाणीघरातलं खोबरेल थिजलं असेल तर कानाचं औषधही तितकंच गार आहे, असं खुशाल समजावं.

उपाय सोपा आहे. बाटली मुठीत धरून एक-दोन मिनिटं बसायचं. थंडी कडक असेल तर तीन-चार मिनिटं धरावी, किंवा तोवर सदऱ्याच्या खिशात अंगालगत ठेवावी. गॅसजवळ धरणं, उकळत्या पाण्यात बुडवणं किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं पूर्णपणे वर्ज्य. त्याने औषध बिघडू शकतं, शिवाय कानाच्या नळीतली पातळ त्वचा आणि पडदा भाजू शकतो. पहिला थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहावा. तो गारही लागला नाही आणि गरमही लागला नाही, म्हणजे तापमान बरोबर आहे. ज्या औषधाच्या तळाशी साका बसतो, ते बाटली हातात असतानाच नीट हलवून घ्यावं, नाहीतर वरचं नुसतं पाणी कानात जातं आणि औषध बाटलीतच राहतं.

यानंतर डोकं कसं ठेवायचं हा प्रश्न येतो. खुर्चीत बसून मान थोडी कलती करायची आणि थेंब सोडायचे, ही घराघरातली पद्धत. पण मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसून नागमोडी असते. मान अर्धवट कलती असली की थेंब पहिल्या वळणाशी रेंगाळतो आणि मान सरळ झाली की पाळीवरून खाली येतो. म्हणून कुशीवर आडवं व्हावं. दुखरा कान थेट छताकडे आला पाहिजे. उशी पातळ असली तर मान अवघडत नाही आणि पुढची पाच मिनिटं निभतात.

नळीचं वळण सरळ करण्यासाठी मोठ्या माणसाचा कान वरच्या कडेला धरून हलकेच वर आणि मागे ओढायचा. तीन वर्षांखालच्या मुलाची नळी वेगळ्या दिशेने वळलेली असते, म्हणून त्याच्या कानाची पाळी खाली आणि मागे ओढायची. आई एकटी असेल तर मुलाचं डोकं तिने मांडीवर आडवं घ्यावं. कान ओढताच मूल किंचाळलं तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. बाहेरच्या नळीला सूज असली की कान ओढणं किंवा दाबणं फार दुखतं, आणि डॉक्टरांना निदानासाठी हीच माहिती हवी असते.

थेंब नळीच्या मधोमध सोडू नये. आतल्या टोकाला पडदा असल्याने नळी तिथे बंद असते. मधोमध पडलेला थेंब कधीकधी तोंडाशीच बसतो, आतली हवा कोंडली जाते आणि औषध पुढे सरकत नाही. थेंब कडेच्या भिंतीवरून ओघळू द्यावा, म्हणजे हवेला दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला वाट राहते. बाटलीचं टोक मात्र कानाला कुठेही टेकवू नये. ते टेकलं की कानातला पू किंवा जंतू टोकाला लागतात आणि उरलेलं औषध दूषित होतं. थेंब पडले की कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला जो छोटा उंचवटा असतो, तो बोटाने चार-पाच वेळा दाबून सोडावा. या पंपासारख्या हालचालीने अडकलेला बुडबुडा निघतो. त्या क्षणी रुग्णाला आत काहीतरी बुडुक करून उतरल्यासारखं वाटतं. तसं वाटलं की औषध आत पोचलं.

पासष्टीच्या एका सासऱ्यांचं उदाहरण घेऊ. कानात मळ घट्ट बसलाय, डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याची खात्री करून मळ मऊ करणारं औषध पाच दिवसांसाठी दिलंय. पहिल्या सकाळी ते स्वतःच आरशासमोर उभे राहून थेंब घालतात. दोन थेंब गालावर, एक सदऱ्यावर, आणि जो आत जातो त्याने डोकं गरगरतं. दुसऱ्या दिवशी सून बाटली मुठीत धरून येते. “बाबा, भिंतीकडे तोंड करून कुशीवर व्हा, उजवा कान वर येऊ द्या.” ती कान वर-मागे ओढून कडेने थेंब सोडते, उंचवटा दाबते आणि घड्याळ पाहते. चक्कर येत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सासरे वैतागून म्हणतात, “सूनबाई, आता तर काहीच ऐकू येईना.” घाबरण्यासारखं यात काही नाही. औषध शोषून मळ फुगतो आणि उरलीसुरली फटही बुजते. पाच दिवसांनी डॉक्टर तो काढतील तेव्हा ऐकू येऊ लागेल. मधल्या काळात काडी, पिन किंवा किल्लीने तो उकरणं हाच खरा धोका.

या उदाहरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे सुनेचा हात. स्वतःचा कान स्वतःला दिसत नाही, थेंब मोजता येत नाहीत, आणि सगळं धडपणे होत नसल्याने औषध कमीच पडतं. कानाच्या संसर्गावरच्या वैद्यकीय मार्गदर्शनातही, शक्य असेल तेव्हा थेंब दुसऱ्या कुणीतरी घालावेत असं सांगितलेलं असतं. एकट्या राहणाऱ्या माणसाने निदान आडवं होऊन घालावेत.

पडून किती वेळ राहायचं? साधारण तीन ते पाच मिनिटं. ठरावीक औषधाचा आकडा वेगळा असू शकतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेल्या थेंबांच्या माहितीपत्रकात एक मिनिट सांगितलेलं असतं, तर ऑफ्लॉक्सॅसिनच्या थेंबांसाठी पाच मिनिटं. म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यातला कागद फेकण्याआधी वाचावा. उठल्यावर थोडं औषध बाहेर ओघळलं तर पुन्हा थेंब घालायचे नाहीत. जे भिंतीला लागायचं ते लागलेलं असतं. बाहेर आलेलं पुसून घ्यावं, कापसाचा बोळा खोल कोंबू नये, कारण कोरडा कापूस औषध शोषून घेतो. दोन्ही कानांत घालायचं असेल तर पहिल्याची मिनिटं पुरी झाल्यावरच कूस बदलावी.

कान वाहत असेल तर थेंबांआधी तो कोरडा करावा लागतो, कारण पुवावर पडलेलं औषध त्वचेला पोचतच नाही. स्वच्छ, मऊ सुती कापडाची किंवा जाडसर टिश्यूची टोकदार वात वळून ती कानात अलगद ठेवायची, ओली झाली की बदलायची आणि वात कोरडी निघेपर्यंत हे करायचं. काडीवरचा कापूस इथे चालत नाही, तो पू आत ढकलतो.

थेंब घातल्यावर घशात कडू चव आली तर थांबावं. पडद्याला भोक असलं की औषध मधल्या कानात शिरतं आणि तिथून नाकामागे उघडणाऱ्या नळीने घशात उतरतं. भोक आधीच माहीत असून डॉक्टरांनी त्यासाठीच औषध दिलं असेल तर कडवटपणाने बिघडत नाही. पण मळाचं औषध किंवा घरात पडून असलेली जुनी बाटली वापरताना अशी चव आली, तर पुढचा थेंब घालण्याआधी कान दाखवावा. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी काही प्रतिजैविकं भोकातून आतल्या कानापर्यंत पोचली तर ऐकण्याच्या पेशींना कायमची इजा करू शकतात.

याच कारणाने लसूण घालून कडवलेलं तेल कानात सोडणं सोडून द्यायला हवं. आजीने ते मायेने घातलेलं असतं, पण पडदा फाटलाय की नाही हे तिला बाहेरून दिसत नाही, तेल किती तापलंय याचा नेम नसतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तेलकट कान बुरशीला आयताच मिळतो. मग कान आधी खाजतो आणि नंतर ठणकतो.

एक अडचण मात्र अशी आहे, जी कितीही नीट थेंब घालून सुटत नाही. नळी इतकी सुजलेली असते की थेंब तोंडाशीच उभा राहतो, उंचवटा दाबूनही खाली जात नाही आणि कानाला हात लावू देववत नाही. अशा वेळी थेंबांची संख्या वाढवू नये. डॉक्टर नळीत स्पंजची किंवा कापडाची बारीक वात बसवतात. त्यानंतर घरी थेंब त्या वातीवर सोडायचे, वात औषध शोषून सुजलेल्या भिंतींपर्यंत नेते. सूज उतरली की वात काही दिवसांत सैल होते, मग ती काढली जाते आणि थेंब पुन्हा नेहमीच्या रीतीने आत जाऊ लागतात.