बिल तर सगळेच छापतात

हॉटेलसाठी सॉफ्टवेअर विकणारा माणूस आला की तो आधी बिल करून दाखवतो. टेबल क्रमांक चार, दोन मिसळ, एक ताक, एक एक्स्ट्रा पाव. पडद्यावर चार टिचक्या मारल्या की छोटा प्रिंटर कर्रकर्र करत चिठ्ठी बाहेर टाकतो. हाताने बिलं फाडून दमलेला मालक तिथेच निम्मा राजी होतो. पण हे काम आज बाजारातलं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही. फरक कळतो तो भटारखान्यात, आणि जुन्या सॉफ्टवेअरमधला माल नव्यात नेताना.

नाशिकमधलं तीस-पस्तीस खुर्च्यांचं मिसळीचं एखादं हॉटेल डोळ्यांसमोर आणू. दुकानात साबण विकला की साठ्यातून एक साबण कमी होतो. मिसळ विकली की साठ्यातून ‘मिसळ’ कमी होत नाही. कमी होतात मटकी, फरसाण, कांदा, दोन पाव आणि वाटीभर रस्सा. म्हणून हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पदार्थाची ‘रेसिपी’ भरावी लागते. रेसिपी म्हणजे इथे कृती नव्हे, एका प्लेटमागे कोणता जिन्नस किती ग्रॅम जातो त्याचा हिशोब. किराणा दुकानासाठी बनवलेल्या साध्या बिलिंगच्या ॲपमध्ये ही सोय बहुधा नसते. असली तरी बहुतेकदा एकाच पायरीची असते, आणि अडचण तिथेच येते.

रस्सा प्लेटमागे होत नाही. सकाळी वस्ताद वीस लिटरचं पातेलं लावतो आणि ते दुपारपर्यंत पुरतं. त्यामुळे सॉफ्टवेअरला दोन पायऱ्या समजल्या पाहिजेत. पहिली, ‘रस्सा २० लिटर तयार’ अशी नोंद केली की तेल, कांदा, खोबरं, मसाला साठ्यातून वजा व्हावं आणि रस्सा जमा व्हावा. दुसरी, प्रत्येक प्लेटमागे त्यातला २०० मिलिलिटर उतरावा. हे नसेल तर प्लेटमागे तीन ग्रॅम लसूण, दोन ग्रॅम खोबरं असलं काहीतरी भरत बसावं लागतं, आणि रात्री उरलेला किंवा ओतून दिलेला रस्सा हिशोबात दिसतच नाही. विक्रेत्याला मिसळीचीच रेसिपी समोर भरून दाखवायला सांगावं. त्याने आणलेला ‘पनीर बटर मसाला’चा तयार नमुना बाजूला ठेवावा.

हे सगळं कशासाठी, ते एका आठवड्याच्या फरसाणावरून कळेल. सोमवारी सकाळी साठा १८ किलो, आठवड्यात खरेदी ६० किलो, रविवारी रात्री तोलून उरलेलं ९ किलो. म्हणजे खर्च झालं ६९ किलो. बिलांप्रमाणे मिसळ गेल्या ११५० आणि रेसिपीत प्लेटमागे फरसाण ५० ग्रॅम, म्हणजे लागायला हवं होतं साडेसत्तावन्न किलो. फरक साडेअकरा किलो. किलोला १८० रुपये धरले तर आठवड्याला २०७० रुपये.

ही तफावत म्हणजे चोरीच, असं मानून पोरांवर ओरडणारे मालक बरेच. आधी प्लेट लावणाऱ्याच्या हातातलं फरसाण तोलावं. ओळीने दहा प्लेटा काट्यावर ठेवल्या आणि सरासरी साठ ग्रॅम निघाली, तर ११५० प्लेटांचे जादा दहा-दहा ग्रॅम बरोबर साडेअकरा किलो होतात, प्रश्न मिटला. पन्नासच निघाली तर दुसरीकडे बघायचं: टेबलावर फुकट दिलं जाणारं ‘एक्स्ट्रा फरसाण’, कामगारांचा नाश्ता, व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्याचं वजन. एक्स्ट्रा फरसाणावर सोपा इलाज आहे. शून्य रुपयाचा पदार्थ म्हणून ते बिलात टाकायचं. गिऱ्हाइकाला पैसे पडत नाहीत आणि साठ्यातून मात्र वजा होतं. शून्य किमतीचा पदार्थ चालतो का, हेही खरेदीआधी विचारून घ्यावं.

मात्र प्रत्येक जिन्नस असा तोलायच्या नादी लागू नये. मीठ, कोथिंबीर, हळद यांचे ग्रॅम भरायला गेलेली हॉटेलं महिन्याभरात साठ्याचा भाग बंद करून टाकतात. तेल, फरसाण, मटकी, पाव, कांदा, दही, पनीर अशा ज्या दहा-बारा वस्तूंत खरा पैसा जातो तेवढ्याच रेसिपीत धराव्यात, बाकीच्या सरळ खर्चात टाकाव्यात.

इथे जीएसटीची एक मेख आहे. सर्वसाधारण हॉटेल गिऱ्हाइकाकडून पाच टक्के कर घेतं, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. म्हणजे तेलाचा डबा २४०० रुपये अधिक पाच टक्के कर असा आला, तर त्याची खरी किंमत २५२० रुपये झाली. दुकानांसाठी बनवलेली सॉफ्टवेअर्स साठ्याची किंमत करावेगळी धरतात, कारण दुकानदाराला तो कर वजा मिळतो. तीच पद्धत हॉटेलात चालवली की प्रत्येक प्लेट कागदावर असते त्याहून थोडी स्वस्त दिसते.

झोमॅटो-स्विगीवरून येणाऱ्या ऑर्डरींचंही तसंच. १ जानेवारी २०२२ पासून त्या विक्रीवरचा पाच टक्के कर त्या कंपन्याच सरकारकडे भरतात. सॉफ्टवेअरने ही विक्री वेगळ्या खात्यात दाखवली पाहिजे. काउंटरच्या विक्रीत ती मिसळली की मालक तोच कर पुन्हा स्वतःच्या खिशातून भरतो.

बाकीच्या गोष्टी एका संध्याकाळी तपासून होतात. इंटरनेट बंद करून दहा बिलं काढून बघावीत. स्वयंपाकघरात जाणारी केओटी मराठीत छापून बघावी, कारण पुष्कळ थर्मल प्रिंटरांत देवनागरी अक्षरं नसतात आणि जोडाक्षरांचा भुगा होतो. काही सॉफ्टवेअर्स चिठ्ठीचं चित्र करून पाठवतात, ते नीट दिसतं पण जरा सावकाश छापतं. केओटी निघाली पण बिल झालं नाही, किंवा छापलेलं बिल नंतर रद्द झालं, अशांची नावानिशी यादी रोज मिळते का, तेही बघावं. गल्ल्यावरची बरीच गळती तिथेच सापडते.

आता माल हलवण्याबद्दल. ‘तुमचा सगळा डेटा आम्ही टाकून देतो’ असं विक्रेता म्हणतो. टाकून देतो म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेली एक्सेलची फाइल तो आपल्या साच्यात बसवतो. त्या फाइलमध्ये काय बिघडलं आहे, ते त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

सगळ्यात महाग चूक दरांच्या रकान्यात होते. जुन्या यादीत मिसळीचा दर १०० रुपये करावेगळा होता आणि नव्या सॉफ्टवेअरने तो करासहित धरला, तर गिऱ्हाइकाला बिल १०५ ऐवजी १०० रुपयांचंच जातं आणि हॉटेलच्या हाती ९५ रुपये २४ पैसे राहतात. कुणी तक्रार करत नाही, म्हणून महिनोनमहिने कळत नाही. उलटं झालं, म्हणजे करासहित १०५ वर पुन्हा कर लागला, तर बिल ११० रुपये २५ पैसे होतं आणि पहिलंच गिऱ्हाईक भांडायला येतं, ते बरं. म्हणून भरती झाल्यावर चहापासून थाळीपर्यंत पाच-सहा पदार्थांची बिलं काढून जुन्या बिलांशेजारी ठेवावीत.

दुसरी खोच मापांची. जुन्या यादीत नुसतं ‘तेल – डबा’ असतं. बाजारात १५ किलोचा डबाही मिळतो आणि १५ लिटरचाही. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा वजनात पावणेचौदा किलोच्या आतच. रेसिपी ग्रॅममध्ये आणि डबा १५ किलोचा धरलेला असेल, तर दर डब्यामागे एक किलो ३५० ग्रॅम तेल ‘चोरीला जातं’ आणि वस्ताद बिचारा उगाच बोलणी खातो.

एक्सेल स्वतःही खोड्या काढतं. हाफ प्लेटसाठी लिहिलेलं 1/2 उघडताक्षणी तारीख होऊन बसतं, 007 या कोडचं नुसतं 7 होतं. फाइल दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी आयात करावी आणि ते रकाने आधी मजकूर म्हणून ठरवून द्यावेत. मराठी नावं असतील तर फाइल CSV UTF-8 या प्रकारातच जतन करावी, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. जुनी यादी युनिकोडपूर्वीच्या एखाद्या मराठी फॉन्टात केलेली असेल, तर ती आधी रूपांतरित करावी लागते; तीस-चाळीस पदार्थ असतील तर नव्याने टाइप केलेले परवडतात.

साठ्याचे जुने आकडे मात्र अजिबात नेऊ नयेत. त्यांत ‘कांदा उणे १४ किलो’ असले चमत्कार असतात. हॉटेल बंद झाल्यावर रात्री माल तोलावा आणि तोच आकडा सुरुवातीचा साठा म्हणून भरावा. उधारी न्यायची ती प्रत्येक खात्याची एक ओळ, सुरुवातीची बाकी म्हणून. शेजारच्या ऑफिसची ३२०० रुपयांची उधारी कुणी सोय म्हणून नवीन बिल करून चढवली, तर ती पुन्हा विक्री ठरते आणि तिच्यावर पुन्हा कर लागतो.

बदलासाठी उत्तम रात्र ३१ मार्चची, कारण आर्थिक वर्षाबरोबर बिलांचे क्रमांकही नव्याने सुरू करता येतात. मध्येच बदलायचं झालं तर क्रमांकाला वेगळं अक्षर जोडून नवी मालिका धरावी. क्रमांक सलग हवा, त्या वर्षात पुन्हा येता कामा नये आणि एकूण सोळा चिन्हांच्या आत बसला पाहिजे. NM/25-26/000123 पंधरांत बसतो. दोन काउंटर असतील तर प्रत्येकाची मालिका निराळी ठेवावी, नाहीतर इंटरनेट गेल्यावर दोघेही एकच क्रमांक छापतात.

जुनी बिलं नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतण्याचा हट्ट धरू नये. ती तशी नीट बसत नाहीत. पण जुन्याची वर्गणी संपण्याआधी प्रत्येक बिल, त्यातल्या पदार्थांच्या ओळींसकट, एक्सेलमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवावं. काही कंपन्या नुसते पीडीएफ अहवाल देतात आणि रेसिपी तर देतच नाहीत, म्हणून बाहेर पडताना काय काय मिळेल, हे आत शिरतानाच लेखी घ्यावं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२५-२६ च्या विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ आहे, म्हणजे त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत उघडता आली पाहिजेत, मग ती छापणारी कंपनी तोवर चालू असो वा नसो.