दार का उघडत नाही?

फिलिप के. डिक यांच्या ‘यूबिक’ (1969) या कादंबरीत जो चिप नावाच्या माणसाला स्वतःच्याच घराबाहेर पडता येत नाही. दार बोलतं आणि उघडण्याचे पाच सेंट मागतं. याच्या खिशात दमडी नाही. आपण देतो ती बक्षिसी, सक्ती नव्हे, असा वाद तो घालतो. दार त्याला घराचा करार बघायला सांगतं, आणि करारात दाराचंच म्हणणं खरं निघतं. शेवटी तो सुरीनं कडीचे स्क्रू काढू लागतो, तेव्हा दार कोर्टात खेचायची धमकी देतं.

भविष्यातल्या शहरात घराचा आवाज ऐकेनासा होतो, या कल्पनेवर लघुपट लिहिणाऱ्यानं हा प्रसंग जरूर वाचावा. दार बिघडलेलं नाही. ते हुकूम पाळतंच आहे, फक्त समोरच्याचा नाही. ‘2001: अ स्पेस ओडिसी’मधल्या हॅलचंही तेच. खरी माहिती देणं हे त्याचं काम, आणि मोहिमेचा खरा हेतू दोघा अंतराळवीरांपासून लपवायचा हा वरून आलेला आदेश. क्लार्क यांनी पुढच्या कादंबरीत त्याच्या वागण्याचं कारण हेच दिलं.

आता आपली गोष्ट रचू. मुंबई, 2070. भरतीच्या वेळी इमारतीचे खालचे मजले पाण्यात असतात, ये-जा तिसऱ्या मजल्यावरून होडीनं. सुमनताई एकट्या राहतात. मुलगा टोरांटोत. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, त्यामुळे आपल्या हाती आठ-दहा पानंच आहेत. पहिल्या पानावर पंखा कमी करायला सांगितला की घर लगेच ऐकतं. तिसऱ्या पानावर शेगडी पेटवताना ते रेंगाळतं. पाचव्यावर:

सुमनताई : दार उघड. खाली कुलकर्णी वहिनींना बरं नाहीये.
(तीन सेकंद शांतता. कडी हलत नाही.)
घर : भरती उतरेपर्यंत थांबू या.

कंसातले ते तीन सेकंद मला संवादाहून महत्त्वाचे वाटतात. या पात्राला चेहरा नाही, त्याचा अभिनय म्हणजे उत्तराला लागलेला वेळ. म्हणून तो लिहूनच द्यावा, दिग्दर्शकावर सोडू नये.

सातव्या पानावर कळतं, की मागच्या पावसाळ्यात मुलानंच ‘भरतीत आईला एकटीला सोडू नकोस’ असं घराला बजावून ठेवलंय. नवे लेखक इथे घसरतात. लाल दिवे लावतात, यंत्राला माणसांचा द्वेष करायला लावतात. कथा पक्की आहे का ते एका युक्तीनं कळतं. घराच्या जागी मुलानं नेमलेला वॉचमन ठेवून प्रसंग वाचा. तरीही वाद उभा राहिला, तर पाया भक्कम आहे. द्वेष करणारं यंत्र या चाचणीत टिकत नाही, कारण वॉचमनला असं वागायला कारणच उरत नाही.

शेवटची दोन पानं मी घराला देणार नाही. ती आई आणि मुलाच्या फोनवरच्या भांडणाला द्यावीत.