निम्म्या वाटेवर 4.76, मुक्कामाला 8.73

गेल्या आठवड्यात आपण हायड्रोक्लोरिक आम्लात ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा सोडला. तिथला हिशेब रोकडा होता. आम्ल संपलं, सोडाही उरला नाही, पात्रात मिठाचं पाणी राहिलं आणि सामू 7 वर आला. आज त्याच ब्युरेटखाली ॲसिटिक आम्ल ठेवू. व्हिनेगरला आंबटपणा येतो तो याच्यामुळे.

शंकुपात्रात 0.1 मोलर ॲसिटिक आम्ल 25 मिली आहे आणि ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. आकडे मुद्दाम सोपे घेतलेत, म्हणजे सारखेपणाचा बिंदू बरोबर 25 मिलीवर येईल. आम्ल सौम्य आहे म्हणून सोडा कमी लागेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. पात्रातल्या हजार रेणूंपैकी सुरुवातीला जेमतेम तेरा फुटलेले असतात, त्यामुळे सामू 2.88 भरतो (तेवढ्याच हायड्रोक्लोरिकचा 1 असतो). पण सोडा पडू लागला की तो बाकीच्या रेणूंकडूनही हायड्रोजन आयन वसूल करतो. सगळ्यांची वसुली होईपर्यंत 25 मिलीच लागतात.

आता 12.5 मिलीवर तोटी बंद करा. पात्रात काय आहे? निम्मं आम्ल जसंच्या तसं आहे, उरलेल्या निम्म्याचं ॲसिटेट झालंय. इथं विचरण स्थिरांकाचं सूत्र समोर ठेवायचं:

Ka = [H⁺][CH₃COO⁻] / [CH₃COOH]

ॲसिटेट आणि आम्ल सारखंच असल्यामुळे वरचं-खालचं कटतं आणि हायड्रोजन आयनांची संहती थेट स्थिरांकाएवढी उरते. ॲसिटिक आम्लाचा स्थिरांक 25 अंश सेल्सिअसला 1.75 × 10⁻⁵, म्हणून सामू 4.76. या आकड्यात आपण किती आम्ल घेतलं होतं ते कुठंच आलेलं नाही, हे लक्षात घ्या. दोन्ही द्रावणं दहापट पातळ केली तरी निम्म्या वाटेवर सामू 4.76 च राहतो. सबंध 25 मिली सोडा लागला यावरून आम्ल किती होतं ते कळतं, आणि निम्म्या वाटेवरचा सामू पाहिला की ते कोणतं होतं याचा अंदाज येतो. मला या प्रयोगात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

हा बिंदू डोळ्यांना मात्र दिसत नाही. उलट इथं आलेख सगळ्यात सपाट असतो. 11.5 मिलीला सामू 4.69 आणि 13.5 मिलीला 4.83, दोन मिली सोडा ओतला तरी फरक अवघा 0.14. आधी 25 मिलीचा शेवट गाठायचा आणि मग मागं वळून 12.5 च्या नोंदीवर बोट ठेवायचं, एवढंच करता येतं.

आता तो शेवट. 25 मिली पडले, आम्ल संपलं, जास्तीचा सोडाही नाही. पात्रात नुसतं सोडियम ॲसिटेट आहे. मग सामू 7 का नको? कारण ॲसिटेट गप्प बसत नाही. ज्या आम्लाला आपला हायड्रोजन आयन सोडवत नाही, त्याचा उरलेला भाग तो परत मिळवायला बघतोच. ॲसिटेट पाण्याच्या रेणूकडून थोडे हायड्रोजन आयन ओढून घेतं आणि मागं हायड्रॉक्साइड राहतो. म्हणजे 'उदासिनीकरण' पूर्ण झालं तरी द्रावण उदासीन नसतं. नाव ठेवणाऱ्यानं हायड्रोक्लोरिकच डोळ्यांपुढं ठेवलं असावं.

किती हायड्रॉक्साइड राहतो, ते काढू. पहिली अडखळण्याची जागा संहतीची. 25 मिलीत 25 मिली मिसळले, आकारमान दुप्पट झालं, तेव्हा ॲसिटेट 0.1 नव्हे, 0.05 मोलर. दुसरं, आता काम ॲसिटेट करतंय, म्हणून स्थिरांकही त्याचा घ्यायचा. पाण्याचा 10⁻¹⁴ भागिले आम्लाचा 1.75 × 10⁻⁵ म्हणजे 5.7 × 10⁻¹⁰. या दोहोंच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे हायड्रॉक्साइडची संहती:

[OH⁻] = √(0.05 × 5.7 × 10⁻¹⁰) ≈ 5.34 × 10⁻⁶

तिचा ऋण लॉगरिथम 5.27. तो 14 मधून वजा केला की सामू 8.73. कुणाच्या वहीत उत्तर 8.88 दिसलं तर समजायचं, गडी आकारमान दुप्पट झाल्याचं विसरला आणि 0.1 च धरून बसला. ही चूक मीही केलेली आहे आणि उत्तर सातच्या वर आलं म्हणून खूशही झालोय.

निम्म्या वाटेवरचा आकडा पातळ केल्यानं हलत नाही, हा मात्र हलतो. दोन्ही द्रावणं 0.01 मोलर घेतली तर शेवटचा सामू 8.23 येतो.

दर्शक निवडायचा तो 0.1 मोलरच्या 8.73 या आकड्यावरून. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिली. शेवटाच्या एक थेंब आधी सामू 7.46 असतो, एक थेंब पुढं गेलात की 10. फिनॉल्फ्थॅलिन सुमारे 8.2 पासून गुलाबी होऊ लागतं, म्हणजे या उडीच्या बरोबर मध्ये. मिथाइल ऑरेंज 3.1 ते 4.4 मध्ये रंग बदलतं. ते घातलंत तर पहिल्याच मिलीत रंग सरकू लागेल आणि साडेसात मिलीच्या सुमाराला सगळा बदल उरकलेला असेल, तोही हळूहळू, कुठला थेंब शेवटचा ते न सांगता.

गुलाबी रंग अर्ध्या मिनिटानं पुसट झाला तर घाबरून आणखी थेंब टाकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळून सामू खाली आणतो. पात्र हलवल्यावर वीस-तीस सेकंद टिकलेली फिकट छटा पुरे.

हिशेब न करता निम्मी वाट गाठायची एक जुनी युक्ती आहे. त्याच आम्लाची दोन पात्रं घ्या, दोन्हींत पिपेटनं 25-25 मिली. एकात फिनॉल्फ्थॅलिन घालून फिकट गुलाबीपर्यंत सोडा सोडा, दुसऱ्याला हातही लावू नका. मग पहिलं दुसऱ्यात ओता. गुलाबी तत्क्षणी नाहीसा होईल. आता पात्रात जेवढं ॲसिटेट, तेवढंच आम्ल. ब्युरेटवरचं वाचन तुम्ही लिहून घेतलं नसलं तरी बिघडत नाही. मीटर बुडवला की 4.76 ऐवजी 4.7 च्या आसपास दिसेल. मीटर बिघडलेला नाही. द्रावणातले आयन एकमेकांना थोडे अडवतात, आणि आपल्या सूत्रानं तेवढं जमेस धरलेलं नाही.

याहून मोठी फसगत होते ती आम्ल जरा तिखट आणि फार पातळ असलं की. क्लोरोॲसिटिक आम्लाचा सूत्रानं येणारा निम्म्या वाटेवरचा आकडा 2.87 आहे. पण ते 0.01 मोलर घेतलं तर निम्म्या वाटेवर सामू 3.1 च्या जवळ येतो. तिथं उदासीन न झालेलं आम्लही आपणहून बरंच फुटतं, त्यामुळे 'निम्मं आम्ल, निम्मं क्लोरोॲसिटेट' हे गृहीतच ढळतं. तिथं मग वर्गसमीकरण सोडवण्यावाचून इलाज नाही.