साठ, तीस, पंधरा : सेकंदांच्या हिशेबात काय ठेवायचं, काय गाळायचं

रेडिओवरची जाहिरात सेकंदांच्या मापात विकत घेतली जाते. साठ, तीस आणि पंधरा ही नेहमीची मापं. एकच संदेश तिन्ही मापांत लिहायचा असतो, तेव्हा साठ सेकंदांची संहिता लिहून मग तिच्यातले शब्द उडवत जाणं हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. त्यातून निघालेली पंधरा सेकंदांची जाहिरात मात्र धापा टाकत वाचावी लागते आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. गाळायचे असतात ते मुद्दे, आणि तेही पूर्ण.

पावसाळ्यात लागणारा एक संदेश घेऊ : मुलाला जुलाब लागले, तर ओआरएस पाजा. शेवटी ‘सार्वजनिक आरोग्य विभागातर्फे जनहितार्थ’ ही ओळ येते. तिला तीन सेकंद लागतात आणि ती आखडत नाही. म्हणजे साठातले सत्तावन्न सेकंद आपले, पण पंधरातले बाराच. मराठीत सावकाश, स्पष्ट बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. तरी शब्द मोजण्यावर विसंबू नये. ‘भरून काढायलाच’ हे दोनच शब्द, पण ते किती वेळ खातात ते स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचल्यावरच कळतं.

साठ सेकंदांत एक प्रसंग उभा राहतो. आजीनं बाळाचं पाणी बंद केलेलं असतं, आशाताई येतात, आजी शंका विचारते, त्या समजावतात. पुडी हाताशी नसेल तर घरी काय करायचं, हेही सांगता येतं : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आकडे कानाला एकदा ऐकून पुरत नाहीत. म्हणून आशाताई सांगतात आणि आजी तेच पुन्हा म्हणून दाखवते. चौदा दिवस द्यायच्या झिंकच्या गोळ्याही इथे येतात, आणि केलेलं ओआरएस चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं हेही.

तीस सेकंदांत मी घरगुती कृती पूर्ण काढते. ती एकदाच, घाईनं सांगितली तर चमच्यांची अदलाबदल होते, आणि मीठ जास्त पडलेलं पाणी लहान मुलाला घातक ठरतं. झिंकही जातं, कारण गोळ्या देणारी आशाताई ते समोरासमोर सांगणारच असते. उरतं ते असं :

आजी : आशाताई, बाळाला जुलाब लागलेत म्हणून पाणी बंद केलंय.
आशाताई : नाही आजी, पाणी बंद करायचं नाही! जुलाबात अंगातलं पाणी जातं, ते भरून काढायलाच हवं. ही घ्या ओआरएसची पुडी. पूर्ण पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा. मूल सुस्त झालं, पीतच नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या.

‘एक लिटर’ न म्हणता ‘लिहिलंय तेवढ्याच पाण्यात’ म्हटलंय, कारण पुड्या एक लिटरच्या मिळतात, तशा 200 मिलिलिटरच्याही. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर क्षार नको तेवढे वाढतात. आजीच्या पहिल्या शब्दाचंही काम आहे. समोर कोण आहे, हे रेडिओवर हाकेतूनच कळतं.

पंधरा सेकंदांसाठी कोरा कागद घ्यावा. आजीचं वाक्य मला फार आवडतं, पण तेच आधी जातं. लोक रेडिओ अर्ध्या कानानं ऐकतात, आणि एवढ्याशा वेळात ‘पाणी बंद केलंय’ एवढंच कानावर पडलं, तर आपण नेमका चुकीचाच सल्ला घरोघर पोचवला. पुढचा प्रत्येक मुद्दा एकाच प्रश्नावर तपासायचा : ऐकणाऱ्याला हे दुसरीकडे, वेळेत कळेल का? पाण्याचं माप पुडीवर छापलेलं असतं, म्हणून ते गाळता येतं. मूल सुस्त पडल्यावर थांबायचं नाही, हे मात्र त्या क्षणी सांगायला कोणी जवळ असेलच असं नाही.

मुलाला जुलाब लागलेत? ओआरएस पाजा. प्रत्येक जुलाबानंतर, घोट घोट. पुडी आशाताईंकडे मिळते, मोफत. मूल सुस्त झालं, पीतच नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या.

हे 22 शब्द. बारा सेकंदांत मध्ये श्वास घ्यायलाही जागा राहते.

ध्वनिमुद्रणाआधी हे एखाद्या आईला एकदाच वाचून दाखवावं आणि ‘आवडलं का’ असं न विचारता ‘आता तू काय करशील’ असं विचारावं. ती ‘मीठ-साखरेचं पाणी देईन’ म्हणाली आणि प्रमाण विचारल्यावर अडखळली, तर ओआरएस हे पुडीचं नाव आहे हे पोचलेलं नाही. मग ‘ओआरएस पाजा’च्या जागी ‘ओआरएसची पुडी पाण्यात घालून पाजा’ असं करावं लागतं. वाढलेल्या तीन शब्दांची जागा ‘घोट घोट’ आणि ‘मोफत’ काढून मिळते. घोट घोट पाजायचं हे पुडी देताना आशाताई सांगतात, आणि पैसे पडत नाहीत हे त्यांच्या दारात गेल्यावर कळतंच.